गडद तपकिरी केस, ब्लीच न वापरता तीन लेव्हल वर: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी: केस पाहणी

केस खांद्याखाली येतात, लांबी साधारण ४० सेंमी. दाट आहेत, पण एकेक केस मध्यम जाडीचा. कोरडे असताना खिडकीजवळ उन्हाच्या उजेडात शेड-कार्ड लावून पाहिलं. लेव्हल म्हणजे केस किती गडद की फिकट याचा आकडा, आकडा जितका मोठा तितके केस फिकट. मुळाशी लेव्हल ३, मधल्या भागात उन्हामुळे थोडी उघडलेली, साडेतीनच्या आसपास. ओले केस नेहमी गडद दिसतात आणि ट्यूबलाइटखाली पिवळसर. त्यामुळे लेव्हल ठरवायची ती कोरड्या केसांवर, दिवसाउजेडीच.

शेवटच्या पट्ट्यात लालसर झाक होती. चौकशीत कळलं की मेंदी शेवटची लावली त्याला २६ महिने झाले. केस महिन्याला सव्वा सेंमीच्या आसपास वाढतात, म्हणजे मुळापासून ३२ सेंमीपर्यंत नवे केस आणि खालचे सुमारे ८ सेंमी मेंदीचे. ‘मेंदी कधीच थांबवली’ हे उत्तर या कामात पुरत नाही, महिने मोजून घ्यावे लागतात. शिवाय ती पानांची साधी मेंदी होती की काळी मेंदी, हेही विचारावं लागतं. काळ्या मेंदीच्या पुडीत बहुतेक वेळा पीपीडी हा रासायनिक रंग असतो आणि काही मिश्रणांत धातूचे क्षार. इथे उत्तर ‘बहुतेक साधी’ असं आलं. ‘बहुतेक’ आलं की तपासणी करायची.

ठरवलेलं ध्येय: लेव्हल ६, उबदार पण नारिंगी नसलेला तपकिरी. फोटोत दाखवलेली छटा लेव्हल ८ ची होती, ती नाकारली. हायलिफ्ट, म्हणजे केस जास्त उजळवण्यासाठी बनवलेला रंग, न रंगवलेल्या केसांना जास्तीत जास्त चार लेव्हल उचलतो आणि तेही मूळ केस फिकट असले तर. लेव्हल ३ वरून तीन लेव्हल मिळाल्या तरी काम चांगलं झालं असं धरायचं. लेव्हल ८ हवी असेल तर ब्लीच लागेल, मधला रस्ता नाही.

हायलिफ्ट आणि ब्लीच यांत फरक कुठे पडतो, हे इथेच लिहून ठेवतो. दोन्हींत केसातला काळा रंगद्रव्य तोडण्याचं काम हायड्रोजन पेरॉक्साइडच करतं आणि अल्कली त्याला कामाला लावते. ब्लीचच्या पावडरीत याशिवाय परसल्फेट असतं, त्याने ही तोडफोड कितीतरी जोरात होते. हायलिफ्टच्या ट्यूबमध्ये ते नसतं. असतो तो नेहमीच्या रंगापेक्षा जास्त अमोनिया आणि थोडासा रंग, म्हणजे एकाच वेळी उचलणं आणि झाक चढवणं. काळपट तपकिरी मेलॅनिन आधी तुटतं, लाल-पिवळं मेलॅनिन चिवट असतं आणि मागे राहतं. म्हणून लेव्हल ३ चे केस वर चढताना लाल, मग लालसर नारिंगी, मग नारिंगी या पायऱ्यांतूनच जातात. ही ऊब म्हणजे चूक झाली असं नाही, ती आधीच हिशोबात धरायची गोष्ट आहे.

पॅच टेस्ट आजच लावली. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका, ४८ तास न धुता ठेवायचा. काळ्या मेंदीचं नक्षीकाम पूर्वी कधी हातावर काढलं असेल तर पीपीडीची ॲलर्जी आधीच जडलेली असू शकते आणि मग केसांचा रंग तोंड सुजवून टाकतो. ‘आधी रंगवलं होतं, काही झालं नाही’ यावर ही चाचणी सोडू नये. ॲलर्जी कधीही सुरू होऊ शकते.

८ जानेवारी: धातूची तपासणी

पॅच टेस्टची जागा स्वच्छ. ना लाली, ना खाज.

शेंड्याकडच्या २० केसांची बट कापून काचेच्या वाटीत टाकली. वाटीत २० व्हॉल्यूमचं, म्हणजे ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड ३० मिलि, त्यात द्रव अमोनियाचे २० थेंब. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. अर्धा तास ठेवलं. बुडबुडे आले, वाटी गरम झाली, कुबट वास सुटला किंवा केस झपाट्याने उजळून विरघळायला लागले, की धातू आहे समजायचं आणि काम तिथेच थांबवायचं. काहीच बदल न होणं हेही चांदीच्या क्षाराचं लक्षण असू शकतं, कारण त्याचा थर पेरॉक्साइडला आत जाऊ देत नाही. इथे बट हळूहळू, सौम्यपणे उजळली आणि वाटी गारच राहिली. म्हणजे मेंदीत धातूचे क्षार नव्हते.

९ जानेवारी: चार बटा

मागच्या भागातून, कानाच्या रेषेखालून, दोन मिलिमीटर जाडीच्या बटा घेतल्या. समोरच्या केसांवर चाचणी घेतली तर ते दिसतं आणि शिवाय समोरचे केस मऊ असल्यामुळे निकाल खोटा आशादायक येतो.

पहिली बट: हायलिफ्ट १२.१, म्हणजे ॲश ही थंड, राखाडी झाक, १२ टक्क्यांच्या (४० व्हॉल्यूम) डेव्हलपरबरोबर, म्हणजे रंगात कालवायच्या पेरॉक्साइडबरोबर, एकास दोन. दुसरी: तोच रंग, ९ टक्क्यांबरोबर. तिसरी: नेहमीचा ७.१, ६ टक्क्यांबरोबर, एकास एक. चौथी बट मेंदीच्या शेंड्यांची, पहिल्याचंच मिश्रण. नंबरमध्ये टिंबाआधीचा आकडा लेव्हलचा, नंतरचा झाकेचा, पण १ म्हणजे निळसर की हिरवट हे कंपनीगणिक बदलतं. डबा वाचावा.

५० मिनिटांनी धुऊन, पूर्ण वाळवून पाहिलं. पहिली लेव्हल ६, नारिंगी तपकिरी. दुसरी साडेपाचच्या जवळ आणि लालसर. तिसरी पाचही नाही, शिवाय काळसर दिसते, कारण नेहमीच्या रंगात उचलण्याची ताकद कमी आणि रंगाचा भर जास्त. ‘ट्यूबवर ७ लिहिलंय म्हणजे केस ७ होतील’ या समजुतीचं उत्तर ही तिसरी बट आहे. चौथी बट चकचकीत तांबूस झाली. खालचं नैसर्गिक रंगद्रव्य थोडं उठलं, पण मेंदीचा लाल रंग जागचा हलला नाही आणि गडद आवरण गेल्यावर तो उलट जास्त उठून दिसायला लागला.

ही चौथी बट सगळ्यात महत्त्वाची ठरली. मेंदी काय किंवा आधीचा पक्का रंग काय, केसात आधीच बसलेल्या रंगावर हायलिफ्टचा जोर चालत नाही. पूर्ण लांबीला लावलं असतं तर वर नारिंगी तपकिरी आणि खाली तांब्याचा पट्टा दिसला असता, तोही शेवटी झाक सुधारायला लावायच्या टोनरने पुसता न येणारा. निर्णय: शेवटचे ७ सेंमी कापायचे. उरलेला एखादा सेंटिमीटर शेवटी वेगळा हाताळायचा.

पहिल्या बटेचा ओढून पाहायचा ताणही घेतला. ओला केस हळू ताणला, थोडा वाढला आणि सोडल्यावर परतला. ओला केस च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, तर १२ टक्के त्या केसांना झेपत नाही.

१० जानेवारी: पूर्वतयारीच्या सूचना

दोन गोष्टी सांगितल्या. १२ तारखेला डोकं धुऊन यायचं नाही, ११ ला सकाळी साध्या शांपूने धुतलं तर चालेल. टाळूवर एक दिवसाचा स्निग्धपणा राहिला तर १२ टक्क्यांची चुरचूर सुसह्य होते. आणि खोबरेल तेल ११ तारखेपासून बंद. एक दिवसाचा नैसर्गिक थर वेगळा आणि रात्रभर मुरवलेलं तेल वेगळं. खोबरेल केसाच्या आत मुरतं, वरच्या तेलाच्या थरात रंग लगदा होऊन बसतो आणि ठिकठिकाणी कमी उठतो. टाळूला खरचटलं असेल, पुरळ असेल तर तारीख पुढे ढकलायची. ओरखड्यावर ४० व्हॉल्यूम नुसतं झोंबत नाही, भाजतं.

१२ जानेवारी: मुख्य दिवस

खोलीचं तापमान १९ अंश. पंखा बंद, कारण मिश्रण वाळलं की उचलणं थांबतं. खिडकी मात्र उघडी, अमोनियाचा वास जास्त असतो.

आधी कापणी. शेंडे ७ सेंमी गेले.

मिश्रण वजनकाट्यावर केलं. पहिली वाटी: १२.१ चे ९० ग्रॅम आणि १२ टक्क्यांचं डेव्हलपर १८० ग्रॅम. दुसरी वाटी, मुळांसाठी, नंतर ताजी करायची: ३० आणि ६०. एकास दोनचं मिश्रण पातळ होतं, ओघळतं. म्हणून डेव्हलपर कमी घालून ते घट्ट करण्याचा मोह होतो. तसं केलं की एकास एक होतं, पेरॉक्साइड कमी पडतं आणि उचलणं तिथेच घसरतं. सगळं एकदम कालवून ठेवणंही चुकीचं. मिश्रण कालवल्याबरोबर काम सुरू करतं आणि अर्ध्या तासाने वाटीतलं उरलेलं रंगवण्यापुरतं उरतं, उचलण्यापुरतं नाही.

केसांचे चार भाग केले. दोघांनी दोन बाजूंनी काम घेतलं, मागून सुरुवात. अर्धा सेंमी जाडीच्या पातळ पट्ट्या घेतल्या, खालून आणि वरून दोन्हीकडून ब्रश फिरवला. मुळाशी दीड सेंमी जागा पूर्ण कोरडी सोडली.

ही दीड सेंमी सोडण्यामागे टाळूची ऊब आहे. टाळूला लागून असलेले केस शरीराच्या उष्णतेने जलद उठतात, लांबचे केस खोलीच्या तापमानावर हळू. सगळीकडे एकदम लावलं तर मुळं दोन लेव्हल पुढे निघून जातात. मग भांगाजवळ चमकता नारिंगी पट्टा आणि खाली तपकिरी असं दिसतं. त्यानंतर ते दुरुस्त करायला मुळं पुन्हा गडद करण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणून आधी मधली लांबी, मुळं शेवटी.

वेळापत्रक असं झालं. मधली लांबी १०:३० ते १०:४५. या डब्यावर कमाल वेळ ६० मिनिटं दिली आहे, शेवटचा हात फिरल्यापासून मोजलेली. ११:०५ ला दुसरी वाटी कालवली आणि मुळं ११:१५ पर्यंत संपवली. शेंड्यांच्या मेंदीच्या उरलेल्या सेंटिमीटरवर ११:२० ला पहिल्या वाटीतला तळ लावला. तो मुद्दाम थकलेला घेतला, म्हणजे तांबूसपणा जास्त भडकणार नाही. प्लास्टिकची टोपी किंवा हीटर वापरला नाही. बंदिस्त उष्णतेने मुळं पुन्हा पुढे धावली असती.

११:२५ ला मागची एक पट्टी ओल्या कापसाने पुसून पाहिली. मुळं आणि मधला भाग सारखे दिसत होते. ११:३० ला टाळूला थोडी चुरचूर होती, ती अपेक्षित. सहन न होणारी जळजळ झाली असती तर वेळ न पाहता लगेच धुतलं असतं.

११:४० ला धुणं सुरू. आधी थोडं पाणी घालून रंग टाळूवर फेसासारखा मळला, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. साधा शांपू एकदा, कंडिशनर नाही, कारण टोनर अजून बाकी होता.

ओल्या केसांत पाहणी: मधला भाग आणि मुळं लेव्हल ६, नारिंगी. मानेच्या वरची दोन इंचांची पट्टी मात्र साडेपाच, थोडी लाल. कारण शोधलं तेव्हा तिथल्या पट्ट्या जाड घेतल्या गेल्याचं दिसलं. कॉलरवरच्या टॉवेलने तिथलं मिश्रणही पुसलं गेलं होतं. मिश्रण भरपूर नसेल तर आतले केस नुसते ओलसर होतात, उठत नाहीत. आज दुसरी फेरी दिली नाही. जे केस एकदा १२ टक्क्यांतून गेले, त्यांना त्याच दिवशी परत १२ टक्के दाखवायचे नाहीत, मग पट्टी थोडी गडद दिसली तरी चालेल. मानेखालचे केस तसेही वरच्या थराखाली झाकले जातात.

टोनर: डेमी-पर्मनंट ६.१ चे ४० ग्रॅम, सुमारे २ टक्क्यांचं सौम्य डेव्हलपर ६० ग्रॅम, टॉवेलने टिपलेल्या केसांवर. नारिंगीच्या समोरचा रंग निळा, म्हणून निळसर ॲश. जांभळा टोनर पिवळ्यावर चालतो. तो इथे लावला असता तर पैसे वाया जाऊन नारिंगी तशीच राहिली असती. लेव्हलही नेमकी हवी. ७.१ इतका फिकट असतो की नारिंगीवर बसतच नाही, ५.१ केस पुन्हा गडद करून टाकतो. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहिली. १० मिनिटांना अजून तांबूस, १५ ला तपकिरी. तिथे थांबलो. आणखी पाच मिनिटांत ते मळकट राखी दिसायला लागलं असतं.

वाळवल्यावर: मधाच्या गडद छटेचा तपकिरी. ॲश टोनर ऊब खातो तेव्हा केस अर्धी लेव्हल गडद भासतात, त्यामुळे आरशात ६ ऐवजी साडेपाच वाटतं. उन्हात नेलं की सहा. शेंड्यांना किंचित तांबडी झाक राहिली, पण कापणीनंतर ती टोकापुरतीच आहे.

२० जानेवारी: आठ दिवसांनी

तीन धुणी झाली. ताण घेतला, ओला केस ताणून परततो. कोरडे केस आधीपेक्षा थोडे खरखरीत आहेत. ‘अमोनियाचा रंग म्हणजे ब्लीच नाही, म्हणून इजा नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला ही खरखर दाखवावी. १२ टक्के पेरॉक्साइडने बाहेरचे खवले उघडतातच. ब्लीचच्या तुलनेत इजा कमी, शून्य नाही. धुण्याआधी खोबरेल तेल पुन्हा सुरू करायला हरकत नाही, रंग आता आत बसला आहे.

९ फेब्रुवारी: चौथा आठवडा

टोनर उतरायला लागला, नारिंगी हळूहळू वर येते आहे. ही वाट ठरलेलीच असते. डेमी-पर्मनंटचे निळे कण धुण्यागणिक निघतात, पेरॉक्साइडने उघडी पाडलेली ऊब मात्र तिथेच राहते. निळा शांपू आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं. जांभळा नको, पुन्हा तेच कारण. मुळं १.२ सेंमी वाढली, भांगात रेघ दिसते पण ठळक नाही. लेव्हल ३ आणि लेव्हल ६ मधलं अंतर ब्लीचच्या मानाने सोसण्याजोगं आहे.

९ मार्च: फक्त मुळं

वाढ २.३ सेंमी. हे माप मुद्दाम पाहिलं. टाळूची ऊब साधारण दीड ते दोन सेंमीपर्यंतच पोहोचते. वाढ याहून बरीच जास्त झाली की मुळाजवळचे केस उठतात आणि वरचा भाग मागे राहतो. मग जुन्या नव्या केसांच्या सांध्यावर गडद पट्टा उमटतो. आज काठावरचंच माप होतं, म्हणून सांध्याकडचा अर्धा सेंमी आधी लावला आणि दहा मिनिटांनी टाळूकडचा भाग.

मिश्रण ३० ग्रॅम १२.१ आणि ६० ग्रॅम १२ टक्के. आधी रंगवलेल्या केसांवर थर चढू नये म्हणून सांध्याखाली कंडिशनरची बारीक रेघ ओढली. पट्ट्या या वेळी मानेजवळ मुद्दाम पातळ, टॉवेल कॉलरच्या खाली दाबलेला. ४० मिनिटांत लेव्हल ६ आली, मानेजवळही. शेवटी ६.१ टोनर पूर्ण लांबीला, पण मधल्या भागाला फक्त शेवटची सात मिनिटं. आधीचा टोनर थोडा उरलेला असतो आणि पूर्ण पंधरा मिनिटं दिली तर तिथे राखी चढते.

पुढची तारीख ४ मे, आठ आठवड्यांच्या हिशोबाने. मानेवरची जुनी साडेपाचची पट्टी तशीच ठेवली आहे.